जुन्या व्हिडिओ कॅसेटी: आधी पूर्ण उतरवा, मग कापा

आपल्या मंडळाच्या बहुतेक घरांत दिवाणाखाली किंवा माळ्यावरच्या पेटीत व्हीएचएसच्या चार-दोन कॅसेटी असतातच. एखादे लग्न, एखादी मुंज, मंडळाच्या गणपतीतला एखादा कार्यक्रम. नव्वदच्या दशकात बालाघाटात लग्न झाले की फोटोच्या अल्बमबरोबर कॅसेटही मिळत असे. ती दोन-तीनदा सगळ्या नातेवाइकांसह पाहिली जाई आणि मग पेटीत जाई. गेल्या काही वर्षांत सभासदांनी या कॅसेटी मंडळाकडे आणून दिल्या आणि आम्ही तिघा-चौघांनी त्या संगणकावर उतरवल्या. ते काम कसे करावे आणि कापाकापीचा निर्णय कसा घ्यावा, हे येथे एकत्र लिहीत आहोत. घरी करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, आणि नागपूर-जबलपूरला देऊन करून घेणाऱ्यांना तिथे काय विचारायचे ते कळेल.

घाई का करायची, याला दोन कारणे आहेत. पहिले यंत्राचे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 च्या जुलैमध्ये थांबली. आज जे व्हीसीआर चालतात ते सगळे जुने आहेत. त्यांचे हेड झिजत आहेत, रबरी पट्टे सैल पडत आहेत आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर कमी होत आहेत. दुसरे कारण टेपचे. फितीवरचा चुंबकीय थर ज्या डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला असतो, ते दमट हवेत कमकुवत होते. युनेस्को आणि ध्वनिचित्र अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये जगभर इशारा दिला होता. 2025 च्या सुमारास चुंबकीय फितींचे नेहमीचे वाचन जवळपास थांबेल, असा त्याचा रोख होता. ते वर्ष आले आणि गेले. फिती अजून वाचता येतात, पण दर पावसाळ्यागणिक थोड्या कमी.

बुरशी

वैनगंगेच्या काठच्या आपल्या गावाला पावसाचे चार महिने चुकत नाहीत, म्हणून येथे आलेल्या कॅसेटींचा पहिला शत्रू बुरशी हाच असतो. कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिची पारदर्शक खिडकी उजेडात धरून पाहावी. फितीची गुंडाळी बाजूने एकसारखी काळी-तपकिरी आणि चकचकीत दिसली पाहिजे. कडांवर पांढरी भुकटी किंवा जाळीदार ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती कॅसेट कोणत्याही कारणाने व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटते, चित्र जाते, आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीलाही ती लागते. शिवाय चिकटलेले वेढे ओढले गेले तर फीत तुटते.

बुरशी ओली असते तेव्हा पुसली तर पसरते, वाळली की झटकता येते. म्हणून आधी वाळवायचे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅसेट दोन-तीन आठवडे ठेवावी. उन्हात, शेगडीजवळ किंवा ओव्हनमध्ये अजिबात नको. फीत आक्रसते आणि कायमची वेडीवाकडी होते. ही कामे आम्ही कोजागिरीनंतरच काढतो, आणि डिसेंबर-जानेवारी हा सर्वांत चांगला काळ. वाळल्यावर घराबाहेर, तोंडाला एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने कडा झटकाव्यात. व्हीएचएसच्या खोक्याला खालून पाच स्क्रू असतात. ते काढून दोन्ही रिळे दुसऱ्या स्वच्छ, रिकाम्या खोक्यात बसवता येतात. त्याआधी फीत कोणत्या खुंटीमागून आणि कोणत्या रुळावरून जाते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मग हाताने सावकाश फिरवत, न झडणाऱ्या मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून फीत एकदा इकडून तिकडे घ्यावी. कंटाळवाणे काम आहे. तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे अडीचशे मीटर फीत असते, तेव्हा हे दोघांनी मिळून, गप्पा मारत करावे.

फीत तुटलेली असेल तर साधा सेलोटेप लावू नये. त्याचा डिंक पाझरतो आणि थेट हेडवर जातो. जोडण्यासाठीची खास पातळ पट्टी मिळते, ती मागच्या, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूला लावायची. चुरगळलेला तुकडा कापावा लागला तरी फार घाबरू नये. फीत सेकंदाला सुमारे 23 मिलिमीटर पुढे सरकते, त्यामुळे पाच सेंटिमीटर कापले तर दोन सेकंद जातात. ते दोन सेकंद नेमके अंतरपाटाचे असतील तर मात्र जीव हळहळतो.

कॅसेट शाबूत असो वा दुरुस्त केलेली, चालवण्याआधी तिच्या पाठच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा दात तोडून टाकावा. तो असेपर्यंत चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तर जुने पुसले जाते. त्या खाचेवर कोणी चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढावी.

उतरवणे

येथे एकच नियम धरावा. कॅसेट सुरुवातीच्या मुंग्यांपासून अगदी शेवटच्या टोकापर्यंत, एकही क्षण न वगळता, काहीही न सुधारता उतरवायची. अशा प्रतीला आम्ही मूळ प्रत म्हणतो. स्वच्छता, रंग, कापाकापी हे सारे पुढे तिच्या नकलेवर करायचे.

व्हीसीआर शक्य तितका चांगला घ्यावा. आधी त्याचे हेड साफ करावे. शामी कातड्याची काडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून ती ड्रमला हलकी टेकवावी आणि ड्रम हाताने फिरवावा. काडी वर-खाली घासली तर हेडचा नाजूक तुकडा मोडतो, आणि कापसाच्या काडीचे तंतू त्यात अडकतात. मग आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून पाहावी. यंत्र फीत खाणारे असेल तर ते लग्नाच्या कॅसेटीवर कळू नये.

जुन्या टेपचे चित्र ओळीओळीने डगमगते. उभ्या खांबाची कड किंवा दाराची चौकट नागमोडी दिसली की समजावे. टीव्हीला ते चालते, संगणकाला चालत नाही. तो मध्येच चौकटी गाळतो, आणि अर्ध्या तासाने बोलणे ओठांच्या पुढे-मागे जाऊ लागते. यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर नावाचा भाग. तो काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये आतच असतो. स्वस्तातला उपाय हवा तर पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस10 हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळतो का पाहावे. डीव्हीडी न बनवता व्हीसीआरची तार त्याच्यातून नुसती पुढे नेली तरी चित्र सरळ होते. जगभरचे हौशी लोक हीच युक्ती वापरतात.

त्यानंतर कॅप्चर यंत्र. बाजारात मिळणारी ‘एचडीएमआय करून देणारी’ डबी या कामाला घेऊ नये. आपल्या पाल पद्धतीच्या चित्रात सेकंदाला 25 चौकटी असतात, आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी रंगवलेली असते. ती डबी हे दोन भाग कसेही एकमेकांत मिसळते आणि चित्र ताणून मोठे करते. मग ते परत नीट करता येत नाही. ज्या यंत्रातून 720 गुणिले 576 चे चित्र, ओळी जशाच्या तशा ठेवून संगणकात येते तेच घ्यावे. व्हर्च्युअलडबसारख्या प्रोग्रॅममध्ये बिनहानीच्या कोडेकने ते साठवावे. तासाला साधारण 25 ते 40 जीबी लागतात. आकडा ऐकून सभासद दचकतात, पण हार्ड डिस्कचा खर्च त्या लग्नातल्या एका दिवसाच्या फुलांइतकाही नसतो. उतरवताना पडद्यावर गाळलेल्या चौकटींचा आकडा दिसतो. तीन तासांत दोन-चार गेल्या तर ठीक, शंभरात गेला तर थांबून तारा आणि ट्रॅकिंग तपासावे. चित्राच्या अगदी तळाशी एक फाटल्यासारखी पट्टी दिसेल. तो दोष नव्हे; व्हीसीआर तिथे एका हेडवरून दुसऱ्यावर जातो आणि टीव्हीच्या कडेखाली ते झाकले जात असे.

उतरवलेली फाइल आम्ही शेवटी FFV1 या बिनहानीच्या, खुल्या पद्धतीत ठेवतो. अभिलेखागारांतही ती वापरली जाते, आणि तिच्यात प्रत्येक चौकटीची स्वतःची तपासणीखूण राहते, त्यामुळे फाइल बिघडली तर नेमकी कुठे ते कळते. आज्ञा एवढीच:

```
ffmpeg -i capture.avi -c:v ffv1 -level 3 -g 1 -slices 16 -slicecrc 1 -c:a flac master.mkv
```

मिनी डीव्हीच्या कॅसेटी, म्हणजे साधारण 2000 नंतरच्या, असतील तर हा सगळा व्याप नाही. त्यांत चित्र आधीच अंकांत आहे. कॅमेऱ्यातून फायरवायरच्या तारेने ते तसेच काढून घ्यायचे, तासाला 13 जीबी. पिवळ्या तारेने काढले तर दर्जा फुकट घालवला असे समजावे.

एका कॅसेटीची गोष्ट

आमच्याकडे आलेल्या 1993 च्या एका लग्नाच्या कॅसेटीवरून पुढचे सांगणे सोपे जाईल. वरात गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीने बालाघाटला आली होती. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी, डब्याच्या दारात लोंबकळणारे वऱ्हाडी आणि फलाटावर उभा असलेला बँड, हे सारे पहिल्या नऊ मिनिटांत आहे. गोंदियाकडची ती लाईन पुढे मोठी झाली, जबलपूरकडची 2015 मध्ये बंद पडली. कुटुंबाला हा भाग ‘उगाच लांबलेला’ वाटत होता, आणि तो कापून थेट सीमांतपूजनापासून सुरुवात करा, अशी त्यांची पहिली सूचना होती.

कॅसेट तीन तासांची. लग्न 2 तास 41 मिनिटांवर संपते. वधूची गाडी जाते, स्टुडिओची पाटी येते आणि पडदा निळा होतो. येथेच बहुतेक जण, आणि पैसे घेऊन काम करणारेही, थांबतात. तो निळा रंग व्हीसीआरने स्वतः घातलेला असतो. सिग्नल तुटला की काही यंत्रे मुंग्यांऐवजी निळा पडदा दाखवतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर आधीच करावे. व्हीसीआरमध्ये पुसणारे हेड हे रेकॉर्ड करणाऱ्या हेडच्या थोडे आधी असते. त्यामुळे वापरलेल्या कॅसेटीवर नवे रेकॉर्डिंग थांबते तेव्हा पुढची काही सेंटिमीटर फीत पुसलेली पण कोरी राहते. पडद्यावर ते दोन-चार सेकंद होतात. त्यानंतर, आधीचे जे काही शिल्लक असेल ते सुरू होते.

या कॅसेटीत चार सेकंदांनी एक घरचा गणपती सुरू झाला. तेरा मिनिटे. कॅमेरा हलतो आहे, रंग उडालेले आहेत, पण आरतीला उभे असलेले आजोबा स्पष्ट ओळखू येतात. हे आजोबा लग्नाच्या आधीच गेले होते, आणि त्यांचे हलते-बोलते चित्र घरात दुसरे कुठलेच नव्हते. कॅसेटीवर तारीख नव्हती. पण त्यात मांडीवर असलेली मुलगी 1988 ची, आणि ती जेमतेम बसू लागलेली दिसते, त्यावरून घरच्यांनी तो गणपती कोणत्या वर्षाचा ते ठरवले. कॅसेट पुन्हा वापरण्याची सवय त्या काळी सर्वांना होती, कारण कोरी कॅसेट स्वस्त नव्हती. म्हणून शेवटच्या टोकापर्यंत उतरवण्याचा आमचा आग्रह आहे. मूळ प्रतीत प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवलेली असल्याने असा तुकडा दर्जा न घालवता वेगळा काढता येतो:

```
ffmpeg -ss 02:41:12 -i master.mkv -c copy ganpati.mkv
```

गाण्याखालचा आवाज

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि आमच्या मते या साऱ्या कामात सर्वांत दुर्लक्षित राहणारी. त्या काळचे स्टुडिओ ‘मिक्सिंग’ करून देत. वरातीवर एक फिल्मी गाणे, हळदीवर दुसरे, पाठवणीवर तिसरे. मूळ बोलणे, बँड, मंगलाष्टके गेली असे सगळे धरून चालतात. अनेकदा ती खरोखरच गेलेली असतात, पण नेहमी नाही.

व्हीएचएस फितीवर आवाज दोन ठिकाणी राहू शकतो. एक साधा, फितीच्या कडेने जाणारा अरुंद पट्टा. दुसरा हायफाय, जो चित्राच्याच जागी, चित्राच्या खालच्या थरात, फिरत्या हेडने लिहिलेला असतो. कॅसेट आधीच भरलेली असताना तिच्यावर गाणे टाकायचे झाले तर ते फक्त कडेच्या पट्ट्यावर टाकता येते. हायफायला हात लावायचा तर चित्रही पुसावे लागते. म्हणजे कॅसेट हायफाय यंत्रावर भरली असेल आणि गाणी नंतर तिच्यावरच टाकली असतील, तर गाण्याखाली मूळ आवाज तसाच शाबूत असतो. स्टुडिओने गाण्यासकट दुसऱ्या कॅसेटीवर नक्कल करून दिली असेल तर मात्र दोन्ही ठिकाणी गाणेच मिळते. बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायला एक मिनिट लागते. हायफाय व्हीसीआरच्या रिमोटवर किंवा मेनूत आवाज निवडण्याची सोय असते: हायफाय, साधा किंवा दोन्ही. गाणे चालू असताना ती बदलून ऐकावे.

आमच्या 1993 च्या कॅसेटीत साध्या पट्ट्यावर गाणी होती. हायफायवर गेल्यावर बँड ऐकू आला, मग मांडवातली गडबड, आणि मंगलाष्टकांच्या वेळी वधूच्या मावशीचा आवाज. घरात त्यांच्या गाण्याची आठवण सगळे काढत, ध्वनिमुद्रण कुणाकडेही नव्हते. कॅसेट तीस वर्षे घरात होती आणि घरच्या व्हीसीआरला हायफाय नव्हते, एवढेच कारण.

तेव्हा हायफाय सापडले तर कॅसेट दोनदा उतरवावी, एकदा प्रत्येक आवाजाने, आणि दोन्ही ठेवावे. ‘दोन्ही’ हा पर्याय घेऊ नये, कारण मिसळलेले आवाज नंतर वेगळे होत नाहीत. ट्रॅकिंग बिघडले की हायफाय मध्येच सुटते आणि यंत्र आपोआप साध्या पट्ट्यावर जाते. आवाज कधी स्वच्छ, कधी बोदा होऊ लागला किंवा गाणे मध्येच घुसले, तर हे झाले आहे. ट्रॅकिंग हाताने थोडे थोडे फिरवून तो भाग पुन्हा घ्यावा.

याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. फिल्मी गाणे असलेली चित्रफीत इंटरनेटवर टाकली की हक्काच्या दाव्यामुळे तिचा आवाज बंद होतो किंवा ती अडवली जाते. मूळ आवाजाच्या प्रतीत ती अडचण बरीच कमी होते, अर्थात बँडही फिल्मी चालच वाजवत असतो हे वेगळे.

किती स्वच्छ करायचे

थोडेच. बघण्याची प्रत करताना एकाआड एक ओळींचे दोन भाग नीट सोडवणे, एवढे एक काम सर्वांत जास्त फरक पाडते:

```
ffmpeg -i master.mkv -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,scale=768:576,setsar=1" -c:v libx264 -crf 18 -preset slow -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 160k -movflags +faststart copy.mp4
```

यात सेकंदाला 50 चौकटी होतात आणि नाचणाऱ्यांची हालचाल टीव्हीवर दिसे तशीच सलग राहते. चालणारा माणूस पुढे-मागे झटके खात असेल तर ओळींचा क्रम उलटा आहे. `tff` च्या जागी `bff` लिहावे. मिनी डीव्हीला बहुधा तेच लागते.

रंग थोडे सरळ करावेत, भगभगीत हॅलोजनने पांढरे पडलेले चेहरे मात्र परत येणार नाहीत. जे फितीवरच जळले ते जळले. दाणे घालवणारे फिल्टर जपून वापरावे. व्हीएचएसमध्ये मुळातच तपशील कमी असतो, आणि फिल्टर जोरात लावला की पहिल्यांदा जातात त्या पैठणीच्या बुट्ट्या आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. चेहरा मेणाचा दिसू लागला की दोन पावले मागे यावे. स्टुडिओने घातलेले बदाम, फिरत्या चौकटी आणि फुलपाखरे काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत. ती त्या काळची हौस आहे, आणि पाटीवर स्टुडिओचे नाव आणि लग्नाची तारीख मिळते ती वेगळीच.

काय कापायचे

घरोघरी वाद होतो तो येथे. तीन तास कोण बघणार, हा प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर म्हणजे चाळीस मिनिटांची वेगळी प्रत करावी, मूळ प्रतीला कात्री लावू नये.

सगळ्यांची पहिली नजर आहेराच्या भागावर जाते. मंचावर एकेक कुटुंब येते, पाकीट देते, कॅमेऱ्याकडे बघते, खाली उतरते. त्या कॅसेटीत हा भाग 38 मिनिटांचा होता. कुटुंबाच्या छोट्या प्रतीतून तो जरूर काढावा. पण आमचे मत विचाराल तर समाजाच्या दृष्टीने कॅसेटीतला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. बालाघाटातली त्या वर्षीची जवळजवळ सगळी मराठी घरे, लहान-थोरांसह, एका रांगेत, समोरून, उजेडात उभी आहेत. मंडळाच्या कोणत्याही वहीत अशी नोंद नाही. तीच गोष्ट पंगतीची. कोण वाढते आहे, काय वाढते आहे, कोण कुणाला आग्रह करते आहे, हे फोटोत येत नाही.

म्हणून आम्ही त्या कुटुंबाबरोबर असे ठरवले. मूळ प्रत अखंड. चाळीस मिनिटांची प्रत घरच्यांसाठी, तिच्यात गाडीचे दोन मिनिटे ठेवले, नऊ नव्हेत. आहेर वेगळ्या फाइलमध्ये. गणपती वेगळ्या फाइलमध्ये, आणि तो आजोबांच्या सर्व मुलांकडे पाठवला.

काही गोष्टी कापण्याच्या नव्हे, दाखवण्याच्या असतात. पुढे मोडलेले लग्न, घरात आता बोलणे नसलेला भाऊ, हळदीच्या वेळी आतल्या खोलीत बायकांची चाललेली थट्टा. हे मूळ प्रतीत राहू द्यावे, पण कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही ते घरातल्या ज्येष्ठांनी ठरवावे आणि लिहून ठेवावे. कुटुंबाची लेखी संमती असल्याशिवाय मंडळ कोणतीही प्रत आपल्याकडे ठेवत नाही, आणि संमती असली तरी संकेतस्थळावर छोटा तुकडाच टाकतो.

नावे आणि ठेवण

चित्र उतरवून झाले तरी अर्धे काम उरते, आणि ते यंत्राचे नाही. आहेराच्या रांगेतली किती माणसे आज ओळखता येतात? सत्तरी ओलांडलेल्या दोन-तीन जणांना एकत्र बसवावे, फाइल लावावी आणि वेळेसह नावे लिहून घ्यावीत: ‘1:52:10, निळा शालू, वराची आत्या, वाराशिवनीची’. दोघींचे एकमत झाले नाही तर दोन्ही नावे लिहावीत. एका बैठकीत तासभराहून जास्त होत नाही, कारण प्रत्येक चेहऱ्याला गोष्ट असते. या बैठकीचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवावा. कॅसेटीइतकाच तो पुढे कामाला येतो.

ही यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, देवनागरीत, चित्राच्या फाइलशेजारीच ठेवावी. फाइलींची नावे मात्र इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत, उदाहरणार्थ `1993_vivah_kap01_master.mkv`. कुठल्याही संगणकावर ती उघडतात.

प्रती तीन कराव्यात. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांतली एक बालाघाटाबाहेर, म्हणजे पुण्या-नागपूरच्या मुलाकडे किंवा मुलीकडे. तिसरी क्लाउडवर, किंवा निदान बघण्याची प्रत तरी तिथे. पेन ड्राइव्ह ही ठेवण नव्हे. 2005 च्या सुमारास कॅसेटींवरून करून घेतलेल्या डीव्हीडीही नव्हेत. त्यांतले चित्र आधीच दाबलेले असते आणि त्यांचा थर उडू लागला आहे. कॅसेट हरवली असेल आणि डीव्हीडीच उरली असेल तर तिच्यातल्या VOB फाइली आजच, पुन्हा न दाबता, जशाच्या तशा डिस्कवर घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चित्रफीत दाबली जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

फाइल वर्षानुवर्षे तशीच आहे ना हे पाहायला एक ठसा काढून ठेवतात. विंडोजमध्ये:

```
certutil -hashfile 1993_vivah_kap01_master.mkv SHA256
```

येणारी लांब ओळ यादीच्या फाइलमध्ये चिकटवावी. दर दिवाळीनंतर डिस्क जोडून हीच आज्ञा पुन्हा द्यावी. ओळ तीच आली तर फाइल शाबूत आहे. एक अक्षर जरी बदलले तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत काढावी आणि बिघडलेली डिस्क बदलावी.

कॅसेट मात्र फेकू नये. पुढे कुणाकडे चांगला व्हीसीआर मिळाला तर त्याच फितीतून आणखी काही निघू शकते. ती सुरुवातीपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि मृग लागण्याआधी पुड्या बदलाव्यात.